नवा पदार्थ आणण्याआधी पोल, प्रश्न-स्टिकर आणि कमेंट्स कशा वाचायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घरून चटण्या, भाजणी, लाडू, मसाले विकणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांत एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: नौपाड्यातलं सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आणि थालीपिठाची भाजणी विकणारं एक इन्स्टाग्राम पान, साधारण १,८०० फॉलोअर्सचं. पान आणि त्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

१. नवीन पदार्थ आणायचा विचार आहे. आधी पोल लावू का?

नाही, पोल सगळ्यात शेवटी. पोलमध्ये पर्याय तुम्ही लिहिता, म्हणजे तुमच्या डोक्यात जे आहे त्यातलंच काहीतरी निवडून येतं. लोकांना तिसरंच काही हवं असेल तर पोल ते कधीच सांगणार नाही.

आधी जुन्या कमेंट्स आणि मेसेज वाचा, कारण तिथे लोक न विचारता बोललेले असतात. त्यातून एखादा धागा वर आला की त्यामागचं कारण प्रश्न-स्टिकरने विचारा. कारण कळल्यावर दोन ठोस पर्याय दरासकट पोलवर ठेवा. आणि पोल जिंकलेल्या पर्यायासाठी आगाऊ पैसे घ्या. आपल्या उदाहरणातल्या पानाला नाचणीचे लाडू आणायचे होते. थेट पोल लावला असता तर लाडूच निवडून आले असते. कमेंट्स वाचल्यावर गोष्ट वेगळीच निघाली.

२. कमेंट्सची नोंद कशी ठेवायची? वाचून लक्षात राहत नाही का?

राहत नाही. गोड बोललेलं आणि टोचलेलं तेवढं लक्षात राहतं. साधी वही किंवा गूगल शीट घ्या आणि मागच्या तीन महिन्यांच्या कमेंट्स, मेसेज, स्टोरीला आलेली उत्तरं एकत्र लिहून काढा. रकाने पाच: तारीख, कोण, त्या व्यक्तीचे शब्द जसेच्या तसे, आधी घेतलं आहे का, आणि विषय. विषयाचा रकाना सगळं लिहून झाल्यावरच भरा. आधी भरायला घेतलात तर तुम्हाला हवे तेच विषय दिसू लागतील.

"मस्त", "तोंडाला पाणी सुटलं", हात जोडलेले इमोजी हे सगळं गाळा. आणि मोजायची माणसं, कमेंट्स नाहीत. एकाच बाईंनी पाच वेळा विचारलं तरी ती मागणी एकच.

आपल्या पानाचं असं झालं: तीन महिन्यांत २१२ नोंदी. कौतुक गाळल्यावर उरल्या ८२, त्या ५७ जणांच्या. दर विचारणारे १६, "लहान पाकीट मिळेल का" म्हणणारे १४, "लसूण न घालता करता का" म्हणणारे ११, ठाण्याबाहेर पाठवता का असं विचारणारे ९, आणि किरकोळ ७. नाचणीचे लाडू? त्या किरकोळातले २ जण.

शब्द जसेच्या तसे का लिहायचे, तर "लहान पाकीट" या एका विषयाखाली "एवढं संपत नाही हो आमच्याकडे, दोघंच असतो" आणि "आधी चव बघायला थोडी द्या" ही दोन अगदी वेगळी वाक्यं असतात. पहिल्या घराला कायमचं छोटं पाकीट हवंय, दुसऱ्याला एकदाच.

३. प्रश्न-स्टिकरमध्ये "तुम्हाला काय आवडेल?" विचारलं तर पुरणपोळीपासून पिझ्झापर्यंत सगळं येतं. मग विचारायचं काय?

आवड विचारू नका, मागच्या वेळी काय घडलं ते विचारा. आवडीचं उत्तर माणूस त्या क्षणी रचतो. घडलेलं मात्र आठवून सांगतो, आणि त्यातच माहिती असते.

"लहान पाकीट" हा धागा सापडल्यावर आपल्या पानाने असं विचारलं: "आमच्या किंवा कुठल्याही सुक्या चटणीचं पाकीट मागच्या वेळी फोडलंत, ते किती दिवसांत संपलं?" २६ उत्तरं आली. बहुतेकांनी महिन्याहून जास्त सांगितलं, आणि पाच जणांनी स्वतःहून जोडलं की शेवटी शेवटी चटणी खवट लागली. खोबऱ्यात तेल भरपूर असतं. पाकीट रोज उघडझाक झालं, त्यात आपल्याकडची पावसाळी दमट हवा शिरली, की ते तेल खवट होतं. म्हणजे लहान पाकिटाची मागणी पैसे वाचवायची नव्हतीच. चटणी चांगली असताना संपावी, एवढंच लोकांना हवं होतं. "स्वस्त छोटं पाकीट" अशी जाहिरात केली असती तर नेमकी चुकीची गोष्ट सांगितली गेली असती.

लावताना एका स्टोरीत एकच प्रश्न ठेवा. स्टिकर पडद्याच्या अगदी खाली नको, कारण तिथे उत्तराची पट्टी असते आणि बोट भलतीकडे लागतं. प्रश्नाच्या वर एक नमुना उत्तर लिहिलंत ("उदा. तीन आठवडे") तर उत्तरं वाढतात, पण नमुना फक्त उत्तराचा आकार दाखवणारा हवा, मत सुचवणारा नको.

एक चूक फार जण करतात: उत्तरं येतील तशी लगेच स्टोरीवर शेअर करणं. पहिलं शेअर केलेलं उत्तर वाचून पुढचे लोक तसंच लिहितात. २४ तास पूर्ण होऊ द्या, मग शेअर करा. शेअर केलेल्या उत्तरावर नाव दिसत नाही, तरी मजकुरावरून माणूस ओळखू येत असेल तर आधी विचारून घ्या.

४. "नाचणीचे लाडू आणू का?" या पोलला ९० टक्के "हो" आलं, आणि ऑर्डर आल्या चार. लोक खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत, तुम्हाला नाही म्हणायला त्यांना जड जातं. ओळखीच्या बाईंनी हौसेने विचारलंय, एका बोटाने "हो" दाबलं की त्या खूश होतात, आणि त्यासाठी खिशातून काही जात नाही. अशा पोलमध्ये "हो" म्हणजे "तुम्ही करा, छान होईल" एवढंच. "मी घेईन" असा अर्थ त्यात नसतो.

याच कारणाने हो/नाही पोल नव्या पदार्थासाठी वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन पर्यायांत निवड करायला लावा, म्हणजे कुठलंही उत्तर दिलं तरी तुमचं मन राखलं जातं आणि माणूस मोकळेपणाने निवडतो.

५. मग पोल नेमका कसा लिहायचा?

दोन खरे पर्याय, दोन्हींवर वजन आणि दर, आणि तिसरा पर्याय "फक्त बघतोय". हा तिसरा फार कामाचा आहे. इन्स्टाग्रामवर मत दिल्याशिवाय निकाल दिसत नाही, म्हणून कितीतरी लोक निव्वळ उत्सुकतेपोटी काहीतरी दाबतात. त्यांना वेगळी वाट दिली नाही तर ती मतं तुमच्या पर्यायांत मिसळतात आणि नंतर वेगळी काढता येत नाहीत.

आपल्या पानाचा पोल असा होता: "१०० ग्रॅम, ९० रुपये", "२५० ग्रॅम, २०० रुपये", "फक्त बघतोय". छोट्या पाकिटाचा दर किलोमागे ९०० पडतो आणि मोठ्याचा ८००, तो फरक झाकलेला नाही. फोटोत दोन्ही पाकिटं एकाच उजेडात, शेजारी शेजारी. एकाचा फोटो केळीच्या पानावर सजवलेला आणि दुसऱ्याचा ओट्यावर घाईत काढलेला असेल तर लोक फोटोला मत देतात.

पोल चालू असताना "बघा, छोटं पाकीट पुढे आहे!" अशी स्टोरी टाकू नका. स्टोरी २४ तासांनी जाते, म्हणून त्याआधी निकालाचा आणि कुणी काय निवडलं त्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्टोरी वर सरकवली की ही यादी दिसते.

६. सगळी मतं सारखी मोजायची का?

मुळीच नाही, आणि इन्स्टाग्राम नावं दाखवतं त्याचा खरा उपयोग इथेच आहे. यादीतून चार प्रकारची मतं वगळा: नातेवाईक आणि जिवलग मैत्रिणी, तुमच्यासारखंच काही विकणारे, तुम्ही माल पोचवत नाही अशा गावचे लोक, आणि कधीकाळच्या बक्षीस योजनेपुरते आलेले. आपल्या पानाला ७१ मतं पडली. २२ "फक्त बघतोय". उरलेल्या ४९ मधून घरचे आणि मित्रमंडळी ८, विक्रेते ५, पोचवता न येणारे ७ वगळले. शिल्लक २९: छोटं पाकीट २१, मोठं ८.

गावाचा अंदाज आधीच घ्यायचा असेल तर व्यावसायिक खात्याच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्सची प्रमुख शहरं दिसतात. तुम्ही कासारवडवलीपासून कोपरीपर्यंतच माल देत असाल आणि फॉलोअर्समध्ये पुणं वरच्या क्रमांकावर असेल, तर पोलचा कच्चा निकाल तुमच्या बाजाराबद्दल फारसं सांगत नाही. अर्थात ठाण्याबाहेर पाठवता का असं विचारणारे ९ जण वहीत आहेतच. तो वेगळा निर्णय आहे, तो या पोलमध्ये मिसळू नका.

७. किती मतं असली की निकालावर विसंबायचं?

दोन पर्याय असताना ढोबळ हिशेब असा: वगळून उरलेली ३० मतं असतील तर निकाल इकडे-तिकडे सुमारे १८ टक्के हलू शकतो, १०० असतील तर सुमारे १०. म्हणजे ३० मतांत १८ विरुद्ध १२ ही बरोबरीच समजा. २१ विरुद्ध ८ म्हणजे ७२ टक्के, तिथे कल खरा आहे असं म्हणता येतं.

हा हिशेब फक्त योगायोगाचा. चुकीच्या माणसांची मतं कितीही जमवली तरी ती बरोबर होत नाहीत, म्हणून आधी प्र. ६ प्रमाणे चाळणी, मग मोजणी.

८. पोल स्पष्ट जिंकला. आता माल करायला घेऊ?

अजून नाही. आधी पैसे घ्या, आणि पैसे मागण्याआधी स्वतःसाठी एक आकडा कागदावर लिहा: इतकी पाकिटं आगाऊ विकली गेली तरच करणार. हा आकडा नंतर ठरवला तर हौस जिंकते.

आपल्या पानाचा घाणा ४ किलोचा, म्हणजे १०० ग्रॅमची ४० पाकिटं. खोबरं, मिरची, लसूण, पाकिटं आणि लेबल यांचा खर्च भरून निघायला २४ पाकिटं विकली जाणं गरजेचं होतं, म्हणून आकडा २४ आणि मुदत पाच दिवस. स्टोरीत लिहिलं: "१०० ग्रॅमचं पाकीट, ९० रुपये आगाऊ यूपीआयने. शुक्रवारपर्यंत २४ पाकिटं झाली तर पुढच्या बुधवारी घरपोच. नाही झाली तर शुक्रवारी रात्रीच पैसे परत." आणि नाही झालीच तर त्या रात्री पैसे खरोखर परत करा, "पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू" म्हणू नका. एकदा पैसे अडकलेलं माणूस पुन्हा आगाऊ देत नाही.

१५ जणांनी मिळून २७ पाकिटं घेतली. आता नावं जुळवून बघा: छोट्याला मत दिलेल्या २१ जणांपैकी पैसे दिले ९ जणांनी. बाकीचे ६ जण पोलमध्ये नव्हतेच. मत देणारे निम्म्याहून कमी विकत घेतात आणि काही खरे गिऱ्हाईक पोलला हातही लावत नाहीत, हे दर वेळी लिहून ठेवा. तीन-चार उत्पादनांनंतर तुमच्या पानाचं "मतामागे किती ऑर्डर" हे प्रमाण हातात येतं, आणि ते इतर कुणाच्या आकड्यांपेक्षा तुमच्या उपयोगाचं असतं.

नव्या पाकिटावरही वजन, तारीख आणि एफएसएसएआय नोंदणी क्रमांक हवाच. लेबलचा खर्च २४ च्या हिशेबात धरायला विसरू नका, छोट्या पाकिटांना लेबलं अडीचपट लागतात.

९. "महाग आहे" अशा कमेंट्स वारंवार येतात. दर कमी करू की स्वस्त प्रकार आणू?

आधी कोण म्हणतंय ते वहीत बघा. कधीच न घेतलेले म्हणत असतील तर ते बहुधा जांभळी नाक्यावरच्या सुट्या चटणीशी तुलना करताहेत, आणि तो बाजार तुमचा नाही. दोनदा-तीनदा घेतलेलं माणूस म्हणत असेल तर ती वेगळी नोंद करा आणि त्यांना मेसेजमध्ये विचारा: "कशाच्या मानाने महाग वाटलं?"

पुष्कळदा "महाग" हा शब्द दराबद्दल नसतोच. एका वेळी २०० रुपये काढणं जड वाटतं, किंवा अर्धी चटणी वाया जाते म्हणून महाग पडते. आपल्या पानावर "महाग" म्हणणाऱ्यांतल्या काही जणांनी किलोमागे जास्त दराचं १०० ग्रॅम पाकीट आनंदाने घेतलं. दर कमी केला असता तर त्यांची अडचण तशीच राहिली असती (प्र. ३ पाहा).

१०. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल लावला तर चालेल का? तिथे गिऱ्हाईक जवळचं असतं.

चालेल, पण चव किंवा पसंती विचारायला नको. ग्रुपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लाडू निवडले की खालचे पाच जण तेच निवडतात. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत तर हे हमखास होतं.

तिथे व्यवहाराचे प्रश्न विचारा: माल शनिवारी सकाळी हवा की बुधवारी संध्याकाळी, गेटवर ठेवायचा की दारात. अशा उत्तरात कुणी कुणाची भीड धरत नाही. व्हॉट्सॲप पोलमध्ये १२ पर्याय देता येतात, तरी तीनच्या वर जाऊ नका, आणि एकच उत्तर हवं असेल तर एकाहून जास्त उत्तरांची परवानगी बंद करा, ती आपोआप चालू असते. ग्रुप ॲडमिनला आधी विचारणं हा साधा शिष्टाचार.

११. श्रावणात लावलेल्या पोलचा निकाल दिवाळीनंतर खोटा ठरला. असं का?

कारण लोकांनी त्या महिन्यापुरतं उत्तर दिलं. श्रावणात बिनलसणाची मागणी फुगते, आषाढी-कार्तिकीच्या आसपास उपवासाच्या भाजणीची, आणि मे महिन्यात मुलं घरी असताना खाऊची. वर्षभर विकायचा पदार्थ असेल तर तोच पोल एकदा सणाच्या दिवसांत आणि एकदा साध्या आठवड्यात लावा. दोन्हीकडे टिकला तरच नेहमीच्या यादीत घ्या.

फराळासारखा मोसमी माल असेल तर उलट. गणपती झाले की विचारा, नवरात्रात नमुन्याचा छोटा घाणा काढा आणि दसऱ्याला ऑर्डर घ्यायला सुरुवात करा. दसऱ्यानंतर विचारत बसलात तर उत्तर येईपर्यंत लोकांनी दुसरीकडे सांगितलेलं असतं.

१२. "लसूण न घालता करता का?" असं ११ जण विचारतात. ही सरळ मागणी आहे ना?

ही सरळ दिसते, पण इथेच पाय घसरतो. त्या ११ जणांना एकेक करून विचारा, कधी आणि कुणासाठी हवी. काहींना फक्त चातुर्मासात हवी असते. काहींना ऑफिसच्या डब्यात वास नको असतो. आणि काही जैन शेजाऱ्यांना देण्यासाठी विचारत असतात.

या तिसऱ्या गटासाठी लसूण वगळून भागत नाही. कांदा, बटाटा, ओलं आलं अशी जमिनीखालची कंदमुळंही चालत नाहीत, आणि लसूण वाटलेलं मिक्सरचं भांडंही बहुतेकांना चालत नाही. म्हणून पोलवर "जैन चटणी" लिहू नका. "लसूण नाही" एवढंच लिहा, आणि वेगळं भांडं खरोखर ठेवणार असाल तरच दुसरा पर्याय जोडा. एकाच शब्दाखाली तीन गिऱ्हाइकं लपलेली असली की पोल जिंकतो आणि पहिल्या घाण्यानंतर दोन गटांची तक्रार येते.

१३. आमचे सगळ्यात पक्के गिऱ्हाईक स्टोरी बघतच नाहीत. त्यांचं मत कसं घ्यायचं?

फोन करा. वहीतून सर्वांत जास्त वेळा घेतलेली दहा नावं काढा आणि पोलमधला प्रश्न त्याच शब्दांत, त्याच दरांसह विचारा. "ताई, तुम्हाला आवडेल ना?" अशी शेपूट जोडायची नाही. ही दहा उत्तरं पोलच्या बेरजेत मिसळू नका, शेजारी वेगळी लिहा. दोन्ही एका दिशेला असतील तर काम सोपं. उलट असतील तर पक्क्यांचं ऐका, पुढच्या महिन्याचा घाणा तेच उचलणार आहेत.

१४. पोल लावला की दुसरे विक्रेते तोच पदार्थ आधी आणतात.

खरी भीती आहे. नवा पदार्थ असेल तर स्टोरी क्लोज फ्रेंड्सच्या यादीला दाखवा आणि त्या यादीत फक्त आधी घेतलेले लोक ठेवा. मतं कमी पडतील, पण प्र. ६ मधली चाळणी आपोआप झालेली असेल. प्रश्न-स्टिकर मात्र सर्वांसाठी खुला ठेवायला हरकत नाही, "पाकीट किती दिवसांत संपलं" यावरून तुम्ही काय आणणार ते कुणाला कळत नाही.

१५. पोल बरोबरीत सुटला तर?

पुन्हा लावू नका, तेच लोक तेच देतील. ज्या पर्यायाला नवं सामान कमी लागतं तो आधी करा. १०० ग्रॅमच्या पाकिटाला फक्त पाकीट आणि लेबल नवं लागतं, चटणी तीच. नाचणीच्या लाडवांना पीठ, तूप, डबे आणि टिकण्याची वेगळी चाचणी, सगळंच नवं. लाडवांची नोंद वहीत राहू द्या. दोनाचे दहा जण झाले की त्यांना मागच्या वेळी लाडू कुठून आणले ते विचारा.